एअर प्युरिफायरच्या जाहिरातीत कुठला आकडा छापायचा?

एअर प्युरिफायरच्या जाहिरातीची कॉपी लिहायचं काम माझ्याकडे पहिल्यांदा आलं तेव्हा सोबत एक पानी ब्रीफ होता, वरती लिहिलेलं की जाहिरात गर्दीच्या, प्रदूषित वस्तीत राहणाऱ्या कुटुंबांसाठी आहे आणि खाली तीन दावे, हे तिन्ही आलेच पाहिजेत म्हणून. पहिला "९९.९७ टक्के प्रदूषण गायब", दुसरा "८८० चौरस फुटांपर्यंत" आणि तिसरा "१० मिनिटांत शुद्ध हवा". मी आपली खुशीत होते, तीन ओळी आयत्या मिळाल्या, चौथी हेडलाइन सुचली की काम संपलं.

हेडलाइन पण पाच मिनिटांत सुचली, "पाणी गाळून पिता, मग हवा?" वगैरे. ही ओळ या धंद्यातल्या प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांतच सुचते, त्यामुळे ती लिहून झाली की खोडायची असते, हे मला नंतर कळलं.

पण खरा घोळ त्या तीन दाव्यांत होता. मजा अशी की तिन्हीतला एकही आकडा धडधडीत खोटा नव्हता. ९९.९७ कुठेतरी खरा होता, ८८० पण एका हिशोबाने खरा होता. फक्त ज्या घरात ते मशीन जाणार होतं त्या घराचे ते आकडे नव्हते. हे कसं ते समजलं की प्युरिफायरची कुठलीही जाहिरात वाचता येते, आणि लिहिणाऱ्याला लिहिता पण येते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी ९९.९७ चं बघू. हा आकडा फिल्टरचा आहे, खोलीचा नाही. हेपा फिल्टर म्हणजे बारीक तंतूंची घड्या घातलेली जाड गादी, तिच्यातून हवा गेली की कण त्या तंतूंना चिकटून बसतात. अमेरिकन व्याख्येप्रमाणे ०.३ मायक्रॉनचे १०,००० कण आत सोडले तर पलीकडून ३ पेक्षा जास्त बाहेर येता कामा नयेत, म्हणजे ९९.९७ टक्के अडले. युरोपच्या मोजणीत एच १३ म्हणून जो दर्जा असतो तो ९९.९५ टक्क्यांचा, जवळपास तेच. आता गंमत बघा, बऱ्याच जाहिरातींत लिहितात "०.३ मायक्रॉनइतके सूक्ष्म कणसुद्धा", जणू त्याहून बारीक कण निसटतात आणि हाच शेवटचा टप्पा आहे. उलट आहे. साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण पकडायला सगळ्यात कठीण. मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि तंतूवर जाऊन आपटतात, अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि भटकता भटकता तंतूला लागतात, मधल्या मापाचे मात्र दोन्हीतून निसटू शकतात. म्हणून मुद्दाम तिथेच परीक्षा घेतात, जिथे फिल्टर सगळ्यात कमजोर आहे तिथे. म्हणजे फिल्टर जाहिरातीत वाटतो त्याहून चांगलाच आहे.

मग अडचण कुठे? अडचण ही की फिल्टर फक्त त्याच्यातून गेलेली हवा साफ करतो. कोपऱ्यात, पलंगाखाली, कपाटामागे असलेली हवा त्याच्यापर्यंत पोचलीच नाही तर तो ९९.९७ काय आणि १०० काय. गाळणी कितीही बारीक असली तरी आपण चमच्याने ओतत असू तर पातेलं भरायला रात्र जाईल ना, तसंच आहे हे.

म्हणून मशीनचा खरा आकडा वेगळा आहे, त्याला सीएडीआर म्हणतात, म्हणजे दर तासाला मशीन किती घनमीटर स्वच्छ हवा बाहेर टाकतं. फिल्टर किती बारीक आणि पंखा किती जोरात, दोन्ही त्या एकाच आकड्यात येतं. अमेरिकेत घरगुती उपकरणं बनवणाऱ्यांची जी संघटना हे मोजते ती १,००८ घनफुटांच्या बंद खोलीत धूर सोडून मोजते, आणि मशीन सगळ्यात वरच्या स्पीडवर ठेवून. बंद खोली, वरचा स्पीड, या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे दोन्ही परत येणार आहेत.

आमच्या त्या मशीनचा सीएडीआर होता तासाला २५० घनमीटर. चांगला आहे, लहान खोलीला भरपूर. मग ८८० चौरस फूट कुठून आले? मी क्लायंटच्या टेक्निकल माणसाला फोन केला, म्हटलं सर हा हिशोब जरा सांगाल का, तर तो बिचारा सरळ माणूस, त्याने सांगून टाकलं. "मॅडम, तासातून एकदा खोलीची सगळी हवा फिल्टरमधून जाईल असं धरलंय. छत दहा फूट धरा, २५० भागिले छताची उंची, झाले तुमचे ८८०."

तासातून एकदा. आता खिडकीखाली रस्ता असलेल्या घरात, खिडकी लावलेली असली तरी फटीतून, दाराखालून, एक्झॉस्टच्या भोकातून तासाभरात साधारण खोलीभर हवा बाहेरून आत येतेच. म्हणजे ८८० फुटांत मशीन जेवढी साफ करणार तेवढीच मळकी हवा आत येणार. बरोबरीत सुटलेली मॅच. त्या संघटनेचा स्वतःचा नियम कितीतरी कडक आहे, त्यांच्या हिशोबाने खोलीची हवा तासाला जवळपास पाच वेळा साफ व्हायला पाहिजे, आणि तो लावला तर हेच मशीन आठ फुटी छताखाली २३० चौरस फुटांच्या आसपास येतं, दहा फुटी छताखाली १८० च्या. एकच मशीन, एकच पंखा, एकच फिल्टर, आणि बॉक्सवर ८८० पण छापता येतं आणि १८० पण. दोन्हीला गणित आहे. म्हणून जाहिरातीत "इतक्या चौरस फुटांसाठी" असं दिसलं आणि तासाला किती वेळा ते कुठेच लिहिलेलं नसलं, तर तो आकडा सोडून द्या आणि सीएडीआर शोधा.

आता मी जे कागदावर करून बघितलं ते तुम्हाला दाखवते, कारण माझी सगळी कॉपी त्यावरूनच बदलली. पेन्सिल आणि फोनचा कॅल्क्युलेटर एवढंच लागतं.

खोली घेतली १२ बाय १० फूट, छत १० फूट. १,२०० घनफूट, म्हणजे ३४ घनमीटर हवा. चार माणसं झोपतात असं धरलं. बाहेर रस्ता आहे आणि बाहेरच्या हवेत पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ-धूर, घनमीटरमागे १२० मायक्रोग्रॅम. हा आकडा अंदाज यावा म्हणून घेतलाय, वाहत्या रस्त्यालगत खराब दिवशी असा दिसू शकतो. तुलनेला सांगते, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांच्या सरासरीसाठी जी मर्यादा सुचवली ती १५ आहे.

खिडकी लावलेली आहे, फटींतून तासाला खोलीभर, म्हणजे ३४ घनमीटर हवा येते. प्रत्येक घनमीटरसोबत १२० मायक्रोग्रॅम. तर तासाला आत येणारी घाण ४,०८०. हा झाला नळ. आता मोरी. जेवढी हवा आत येते तेवढीच फटींतून बाहेर पण जाते, ३४ घनमीटर, आणि थोडी धूळ आपोआप भिंतींवर, जमिनीवर, पडद्यांवर बसते, ती ७ घनमीटर हवा साफ झाल्यासारखी धरू. एकूण ४१. मशीन नाहीये तेव्हा ४,०८० भागिले ४१, साधारण १०० येतात. म्हणजे खिडकी लावून, दार लावून, सगळं बंद करून बसलं तरी बाहेर १२० तर आत १००. इथेच मला पहिला धक्का बसला, खिडकी लावली की सुरक्षित असं मला स्वतःलाच वाटत होतं.

मशीन लावलं, वरच्या स्पीडवर, २५०. मोरी झाली ४१ अधिक २५०, म्हणजे २९१. ४,०८० भागिले २९१, आले १४. वा! १०० वरून १४, मर्यादेच्याही आत. मशीन खरंच काम करतं, यात शंका नाही, आणि हे मला मनापासून लिहायचं होतं. पण लक्षात घ्या, हा १४ म्हणजे ९९.९७ टक्के कमी नाही, ८६ टक्के कमी. फिल्टर तोच, ९९.९७ वालाच. बाकीचं कुठे गेलं? तर नळ बंद झालेला नाही, तो वाहतोच आहे.

आता रात्र. वरच्या स्पीडला त्या मशीनचा आवाज ५८ डेसिबल, शेजारी बसून कोणी बोलत असावं एवढा. लहान मूल झोपलंय त्या खोलीत हा स्पीड रात्रभर कोणी ठेवणार नाही, पहिल्या रात्रीच कोणीतरी उठून स्लीप मोडचं बटन दाबणार, आणि स्लीप मोडला आवाज २६ डेसिबल, अगदी छान, पण सीएडीआर ६०. मोरी आता १०१. ४,०८० भागिले १०१, ४० आले. मशीन चालूच आहे, तेच मशीन, त्याच खोलीत, आणि हवा जवळजवळ तिप्पट मळकी. जाहिरातीत मात्र २५० आणि २६ डेसिबल शेजारी शेजारी छापलेले असतात, जणू दोन्ही एकाच वेळी मिळतात. ही मला वाटतं या धंद्यातली सगळ्यात सभ्य दिसणारी फसवणूक आहे, दोन्ही आकडे खरे आणि एकत्र ठेवले की खोटे.

मधला एक स्पीड होता, १४० घनमीटर, आवाज ४२ डेसिबल. पंखा फिरतो तेवढा. त्याला हिशोब केला तर २३ आले. हा आकडा मी वर्तुळात घेतला, कारण रात्रभर प्रत्यक्षात चालू शकेल असा हाच स्पीड होता.

आणि मग गर्दीच्या वस्तीचा मुद्दा, जो ब्रीफमध्ये ठळक अक्षरात होता पण ज्याचा हिशोब कोणी केला नव्हता. लहान खोली, चार माणसं, उकाडा. खिडकी कोण बंद ठेवणार? एक पट थोडासा उघडा ठेवला तरी तासाला पाच खोल्याभर हवा येऊ शकते, म्हणजे १७० घनमीटर. नळ आता २०,४००. मशीन वरच्या स्पीडला असलं तरी मोरी ४२७, भागाकार ४८. स्लीप मोडला तर ८६. खिडकी थोडी उघडी आणि मशीन स्लीप मोडवर, म्हणजे बहुतेक घरांत जसं ते खरंच चालणार तसं, बाहेर १२० आणि आत ८६. लोक मग म्हणतात की मशीनने फरक पडत नाही, पैसे वाया गेले. मशीन वाईट नव्हतं, जाहिरातीने वापरायचं कसं ते सांगितलं नव्हतं.

(हे सगळे आकडे सरासरीचे आहेत हं, खोलीत कण सगळीकडे सारखे पसरलेत असं धरून. प्रत्यक्षात मशीन कपाटामागे कोंबलं तर याहून वाईट येतात. भिंतीपासून हातभर लांब आणि झोपणाऱ्याच्या डोक्याच्या बाजूला ठेवलं तर जरा बरे.)

"१० मिनिटांत शुद्ध हवा" याचं पण याच हिशोबात उत्तर आहे. वरच्या स्पीडवर १०० वरून दहा मिनिटांत ३५ च्या आसपास येतं, १४ च्या जवळ जायला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. वाईट नाहीये ते! पण मशीनच्या डिस्प्लेवर दहा मिनिटांच्या आतच ९ वगैरे दिसू शकतं, कारण सेन्सर मशीनच्या अंगावरच असतो आणि त्याच्या भोवतीची हवा आधी साफ होते. स्वतःच्या तोंडासमोरची हवा मोजून तो शाबासकी घेतो. खरं बघायचं तर छोटा वेगळा मीटर उशीपाशी ठेवायचा, मशीनपासून लांबच्या कोपऱ्यात. आम्ही तसा ठेवून बघितला तेव्हा डिस्प्ले ८ सांगत होता आणि उशीपाशी २१ होते. क्लायंटला फोटो पाठवला, दोन दिवस उत्तर आलं नाही.

मग मी दावे खोडायला घेतले. पहिल्या दाव्यातला "प्रदूषण" हा शब्द गेला, कारण प्रदूषण म्हणजे नुसते कण नाहीत. गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड हे वायू आहेत, हेपाला ते दिसतच नाहीत, पाण्याच्या गाळणीतून साखर जशी विरघळून निघून जाते तसे ते सरळ निघून जातात. मशीनमध्ये कार्बनचा एक काळा थर होता, वासासाठी, पातळ जाळीवर भुरभुरलेला. असा थर काही आठवडे वास कमी करतो आणि मग भरून जातो. कार्बन मोनॉक्साइड तर तोसुद्धा पकडत नाही. म्हणून "वायू आणि दुर्गंधीपासून मुक्ती" ही ओळ मी सरळ काढली, त्यावर बरंच बोलणं झालं, शेवटी "धूळ आणि धुराचे बारीक कण" एवढं राहिलं.

आणि इथे एक गोष्ट अशी होती जी मला नुसती चुकीची नाही तर धोक्याची वाटली. ब्रीफमध्ये एक ओळ होती, "खिडक्या लावा, निर्धास्त राहा, दिवसरात्र". आता लहान घर असेल, स्वयंपाक, झोपणं, अभ्यास सगळं एकाच खोलीत किंवा दोन खोल्यांत, आणि त्यात गॅसची शेगडी किंवा गॅसचा गीझर. तिथे खिडक्या दिवसरात्र लावायला सांगायचं? जळणाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही रंग नाही, आणि प्युरिफायर त्याचं काहीच करू शकत नाही, वर हिरवा दिवा दाखवत बसतो कारण त्याचा सेन्सर फक्त धूळ मोजतो. आई-वडील मुलांसाठी मशीन आणणार आणि आपल्या जाहिरातीतली ओळ वाचून खिडकी लावणार. ती ओळ मी खोडली नाही, फाडली.

जीवघेणं नसलं तरी रात्रीचं पण बघा. त्या ३४ घनमीटरच्या खोलीत चार मोठी माणसं झोपली, खिडकी पूर्ण बंद, तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड पहाटेपर्यंत दशलक्षात २,००० भागांच्या आसपास जातो, बाहेर तो ४२० च्या जवळपास असतो. सकाळी डोकं जड, खोली कोंदट, आणि मशीन मात्र रात्रभर चालू. प्युरिफायर ताजी हवा बनवत नाही, आहे तीच हवा गाळून परत देतो. हे वाक्य मला जाहिरातीत हवं होतं, क्लायंटला नको होतं. साहजिक आहे.

मग खिडकी लावायची की उघडायची? दोन्ही, पण वेळ बघून. स्वयंपाक चालू असताना उघडी, कारण तेव्हा आतलाच धूर बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, काही तळत असलात तर तासाभराचा आकडा सहज शेकड्यांत जातो, आणि तो तेलकट धूर फिल्टरमध्ये गेला तर फिल्टर लवकर चोंदतो. स्वयंपाक आटोपला, धूर गेला की खिडकी लावायची आणि मशीन वरच्या स्पीडवर अर्धा तास, सगळे अजून जागे असतात तेव्हा, आवाजाचं कोणाला काही वाटत नाही. झोपताना मधला स्पीड. रस्त्याच्या बाजूची खिडकी बंद, आतल्या बाजूचं दार किंचित उघडं, म्हणजे हवा येते पण सरळ गाड्यांकडून येत नाही. दुपारी रस्त्यावर गाड्या कमी असतील तेव्हा दहा मिनिटं सगळं उघडायचं.

क्लायंट म्हणाला, "हे तर यूजर मॅन्युअल झालं." म्हटलं हो, पण याच वस्तीतल्या माणसाला हे कळलं तर मशीन काम करेल, आणि काम केलं तर तो शेजाऱ्याला सांगेल, गर्दीच्या वस्तीत भिंतीला भिंत असते, तुमची जाहिरात तिथेच होते.

राहिला फिल्टर. "१ वर्ष टिकतो" अशी ओळ होती. फिल्टरचं आयुष्य महिन्यांत नसतं, त्याने किती धूळ खाल्ली त्यावर असतं. २०१५ च्या चिनी मानकात यासाठी वेगळी मोजणी होती, किती मिलिग्रॅम कण पकडल्यावर मशीनचा सीएडीआर निम्मा होतो ते बघायचे, आणि त्यातला वरचा दर्जा १२,००० मिलिग्रॅमच्या पुढचा होता. आमच्या फिल्टरला १२,००० धरू. मधल्या स्पीडला खोलीत २३ असताना तासाला २३ गुणिले १४०, म्हणजे सव्वातीन मिलिग्रॅमच्या जवळपास धूळ आत जाते. रोज दहा तास चालवलं तर ३२ मिलिग्रॅम, आणि १२,००० व्हायला सुमारे ३७५ दिवस. म्हणजे १ वर्ष खरं आहे! पण चोवीस तास चालवलं तर पाच महिने. आणि बाहेर रोजच १२० नसतात, काही महिने कमी, काही महिने जास्त. मशीनवरचा "फिल्टर बदला" दिवा बहुतेक वेळा धूळ मोजत नाही, फक्त तास मोजतो, त्यामुळे धुळीच्या वस्तीत तो उशिरा पेटतो. घरच्या घरी ओळखायचं तर दर महिन्याला त्याच खोलीत, खिडकी लावून, वरच्या स्पीडवर उशीपाशी मीटर अर्ध्यावर यायला किती मिनिटं लागतात ते बघायचं, कॅलेंडरवर लिहायचं. पहिल्या महिन्यात सहा मिनिटं लागत होती आणि आता बारा लागतायत, तर फिल्टर संपलाय, दिवा काहीही म्हणो.

फिल्टर धुवायचा नाही, हे पण कॉपीत घातलं. बाहेरची जाळी धुवा, हेपा नाही. कोणीतरी नक्की धुतं आणि वाळवून परत लावतं आणि मग तो नुसता पुठ्ठा उरतो.

आणि भीती. ब्रीफमध्ये मागच्या बाजूला एक चित्र सुचवलं होतं, तोंडाला मास्क लावलेलं रडणारं बाळ, खाली "तुमचं बाळ विष श्वासात घेतंय". अशा वस्तीत राहणाऱ्या आईला हे सांगायची गरज आहे का? तिच्या खिडकीच्या गजावर रोज सकाळी काळी पूड असते, बोट फिरवलं की बोट काळं. तिला माहिती आहे. तिला माहिती नाहीये ते हे की कुठला स्पीड, कुठली खिडकी, कधी. शिवाय मशीनने दमा बरा होतो, खोकला जातो असं काही लिहिता येत नाही, लिहू नये. मशीन कण कमी करतं, एवढंच मशीनबद्दल खात्रीने म्हणता येतं. पुढचं डॉक्टरने बोलायचं.

चार वेळा फेटाळलं गेल्यावर जी कॉपी पास झाली ती अशी:

"रस्ता खिडकीखालीच आहे. रात्रीची खोली तरी सांभाळू.

१२ बाय १० ची खोली, खिडकी लावलेली, बाहेर धूलिकणांचा आकडा १२०. मधल्या स्पीडवर तासाभराने उशीपाशी साधारण २३. आवाज पंख्याइतका.

स्वच्छ हवा तासाला २५० घनमीटर वरच्या स्पीडला, १४० मधल्या, ६० स्लीप मोडला. १८० चौरस फुटांपर्यंतच्या खोलीसाठी. खोली मोठी असेल तर मोठं मशीन घ्या.

धूळ आणि धुराचे बारीक कण पकडतं. गॅस, कार्बन मोनॉक्साइड पकडत नाही. शेगडी किंवा गीझर चालू असताना खिडकी उघडी ठेवा."

"खोली मोठी असेल तर मोठं मशीन घ्या" या वाक्यावर तो टेक्निकल माणूस खूश झाला, कारण त्यांच्याकडे मोठं मशीन होतं आणि ते खपत नव्हतं. १८० वर मार्केटिंगवाले शेवटपर्यंत नाराज होते, शेजारच्या ब्रँडच्या बॉक्सवर ८०० लिहिलेलं असताना आपण १८० कसं लिहायचं म्हणून. त्यांची अडचण पण खरी आहे, दुकानात दोन बॉक्स शेजारी ठेवले की माणूस मोठा आकडा उचलतो. मग आम्ही १८० च्या खाली एक बारीक ओळ टाकली, "तासाला पाच वेळा. इतरांना विचारा, किती वेळा?" ती ओळ मला सगळ्यात आवडते, आणि ती सुचली होती त्या टेक्निकल माणसालाच.